पंचवीस रुपयांची माया

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
ता. मालेगाव, जि. वाशिम

विषय : पहिली ते चौथीच्या मुलांच्या गणवेशासाठी टिकाऊ कापड आणि वाढत्या मापाची टक, खर्चाच्या तपशिलासह

आदरणीय मॅडम,


मागच्या जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात मी दोन मुलींची मापं घ्यायला आपल्या वर्गात आलो होतो. दुसरीतली एक मुलगी सतरंजीवर बसली होती. स्कर्ट मांडीवर चढत होता आणि ती दर दोन मिनिटांनी एका हाताने तो खाली ओढत होती. दुसऱ्या हातात पेन्सिल. तो स्कर्ट मीच शिवला होता. कापड धड होतं, शिलाई कुठे उसवली नव्हती, रंगही बरा होता. फक्त लेकरू वाढलं होतं आणि स्कर्टमध्ये वाढायला जागा नव्हती. दुकानात आल्यावर मी मापवहीचं जुनं पान काढलं. मला तेव्हाच दीड इंच जास्त कापड आत मारून ठेवता आलं असतं. त्या दीड इंचासाठी हे पत्र लिहितो आहे.

आपल्याला ठाऊक आहेच की, गणवेशासाठी दर मुलामागे वर्षाला 600 रुपये मिळतात, म्हणजे दोन जोड आणि एका जोडाला 300 रुपये. 2024-25 साली कापड राज्य पातळीवरून आलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. माप न बसल्याच्या आणि उशिराच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने तो निर्णय फिरवून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे कापड कोणतं घ्यायचं, कोणाकडून शिवायचं आणि कसं शिवायचं, हे आता आपल्या समितीच्या बैठकीत ठरतं. कागदावर गणवेश बारा महिन्यांचा असतो. पण नवा जोड अंगावर यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो आणि तोवर मागच्या वर्षीचाच घालावा लागतो. म्हणून मी बारा नाही, पंधरा महिन्यांचा हिशेब धरतो. शिवाय जुना जोड अंगाला बसत असेल तर पावसाळ्यात मुलाकडे दोनाऐवजी तीन-चार जोड होतात. झडीच्या दिवसांत एक ओला, एक अंगावर आणि एक कोरडा असं चालतं. दोनच असतील तर लेकरू ओलाच घालून येतं किंवा घरी राहतं.

आधी पैशाचं सांगतो, कारण बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार.

300 रुपयांचा दर पहिलीच्या मुलालाही तोच आणि आठवीच्या मुलालाही तोच. पण पहिलीच्या पोराला कापड कमी लागतं. आपली शाळा चौथीपर्यंतच आहे, त्यामुळे आपल्याकडे थोडी जागा उरते, आणि मला ती जागा टक घालण्यासाठी वापरायची आहे. शर्टाचं टेरीकॉट मी 58 इंची पन्ह्यात मीटरला 100 रुपये धरतो आणि हाफ पँट-स्कर्टचं सूटिंग त्याच पन्ह्यात मीटरला 160 रुपये. हा आज मला अकोल्याच्या घाऊक बाजारातून पडणारा भाव आहे. पूर्ण तागा घेतला तरच तो मिळतो, सुटं कापड महाग पडतं.

पहिली-दुसरीच्या मुलाला शर्टासाठी 70 सेंटिमीटर लागतं, त्याचे 70 रुपये. हाफ पँटला 40 सेंटिमीटर, त्याचे 64. बटणं, चेन, हुक, कॉलरची बक्रम, खिशाचं अस्तर आणि दोरा मिळून 16. शर्ट आणि पँटची मिळून शिलाई 110. बेरीज 260 रुपये. तिसरी-चौथीला शर्टाचं कापड 85 सेंटिमीटर आणि पँटचं 50, म्हणजे 85 आणि 80 रुपये. बाकी खर्च तोच. बेरीज 291 रुपये.

आता वाढीचा खर्च. शर्टाला पाच सेंटिमीटर जास्त कापड, 5 रुपये. पँटला पाच सेंटिमीटर, 8 रुपये. टक घालणं आणि वर्षभरात ती एकदा सोडून देणं, याची मजुरी 12 रुपये. एकूण 25. लहानांचा जोड 285 रुपयांना पडतो आणि मोठ्यांचा 316 ला. आपल्या पटावर पहिली-दुसरीत 23 आणि तिसरी-चौथीत 21 मुलं आहेत. 23 जोडांचे 6,555 आणि 21 जोडांचे 6,636, मिळून 13,191 रुपये. मंजूर दराने 44 जोडांचे 13,200 होतात. म्हणजे मोठ्यांचे वरचे 16 रुपये लहानांच्या उरलेल्या 15 रुपयांतून भागतात आणि शाळेवर जादा बोजा येत नाही. दोन्ही जोड मिळून 26,382 रुपये. एक मात्र आहे, हा हिशेब सगळ्या शाळेचं काम एकत्र धरलं तरच जुळतो. एकेका मुलाचा स्वतंत्र हिशेब मांडला तर तिसरी-चौथीचा दर जास्त दिसेल. समितीच्या ठरावात दर वर्गवार न लिहिता एकूण रक्कम लिहिलीत तर पुढे अडचण येणार नाही.

मुलींच्या स्कर्टला लहान मुलांच्या हाफ पँटपेक्षा साधारण आठ सेंटिमीटर कापड जास्त लागतं. पण चेन, हुक आणि खिशाचं अस्तर वाचतं, शिलाईही थोडी कमी पडते. त्यामुळे मुलगा असो की मुलगी, मी जोड एकाच दराने धरला आहे.

यापेक्षा स्वस्त दरपत्रक आपल्याकडे येईल. मीटरला 70 रुपयांचं शर्टिंग आणि 110 रुपयांचं सूटिंग घेतलं तर लहानांच्या एका जोडामागे 41 रुपये वाचतात. पण ते कापड जानेवारीपर्यंतही टिकत नाही, आणि टिकणार नसेल तर टक घालून काय उपयोग? म्हणून कापडाचं आधी ठरवू.

शर्टासाठी मी पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण सुचवतो, शंभरात 65 ते 67 भाग पॉलिस्टर आणि उरलेलं कॉटन. निव्वळ सुती शर्ट उन्हाळ्यात सगळ्यांत चांगला, हे मी मान्य करतो. पण तो पहिल्या धुण्यात आटतो, आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात त्याचा रंग लवकर उतरतो आणि रोज इस्त्री मागतो. निव्वळ पॉलिस्टर याच्या उलट. आटत नाही, फाटत नाही, पण घाम शोषत नाही. पत्र्याच्या वर्गात मार्च-एप्रिलमध्ये लेकरांच्या मानेवर आणि काखेत पुरळ उठते. शिवाय चुलीजवळ बसलेल्या पोराच्या अंगावर ठिणगी पडली तर ते कापड वितळून चामडीला चिकटतं. हाफ पँट आणि स्कर्टसाठी पॉलिस्टर-व्हिस्कोसचं सूटिंग घ्यावं. मुलं सतरंजीवर बसतात, बसल्या जागी सरकतात. सगळ्यांत आधी विरतो तो बसण्याचा भाग, आणि तिथे हे कापड टिकतं.

व्यापाऱ्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, कापड आपल्याला शाळेतच तपासता येतं. माझ्याकडून नमुना घ्या आणि माझ्या शब्दावर विसंबू नका. एक धागा ओढून काडीने पेटवा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्रणात थोडी राख आणि थोडा कडक भाग दोन्ही दिसतात. नुसता मणीच उरला तर ते निव्वळ पॉलिस्टर समजा.

दुसरी तपासणी आटण्याची. कापडावर बॉलपेनने 50 सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा, रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, इस्त्री फिरवा आणि पुन्हा मोजा. बाजू 49 पर्यंत आली तर चालेल. 48 आली तर मी तरी ते कापड घेणार नाही. त्याच ओल्या कापडावर पांढरा रुमाल जोराने घासा. रुमाल निळा झाला तर पांढऱ्या मोज्यांचं काय होईल ते दिसेलच.

तिसरी तपासणी वजनाची, आणि इथेच बहुतेक जण फसतात. स्वस्त कापडाला खळ भरपूर लावलेली असते. हाताला ते जाड लागतं, पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात चाळणी उरते. म्हणून आधी धुवा, मग तोला. मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीने 10 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा कापा आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. शर्टाचा तुकडा 1.1 ग्रॅमच्या आसपास भरावा आणि सूटिंगचा 2.2 ग्रॅमच्या आसपास. सूटिंग पावणेदोन ग्रॅमच्या खाली गेलं तर ते पँटचं कापड नाही.

आता टक. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर उंच होतं, म्हणजे दोन ते सव्वादोन इंच. ही वाढ सगळ्या अंगात वाटली जाते. कंबर ते गुडघा यात वर्षाला इंचापेक्षा थोडं कमीच वाढतं. म्हणून स्कर्टला दीड इंच शिल्लक ठेवली तर पंधरा महिने आरामात निघतात.

त्या दुसरीतल्या मुलीचाच स्कर्ट घेऊ. तिची उंची 118 सेंटिमीटर आणि कंबर 21 इंच. गुडघा झाकायला तयार लांबी 15 इंच हवी. मी कापताना 15 मध्ये टकेचे दीड इंच, खालच्या दुमडीचे दीड इंच आणि पट्ट्यात जोडायचा अर्धा इंच मिळवतो, म्हणजे साडेअठरा. कमरेच्या पट्ट्यासाठी अडीच इंचाची पट्टी वेगळी. एकूण 21 इंच, म्हणजे 53 सेंटिमीटर. घेर पूर्ण 58 इंची पन्ह्याचा.

आधी खालची दुमड मारायची. तिच्या वर, आतल्या बाजूला, पाऊण इंच खोल घडी घालून एक आडवी टीप मारायची. पाऊण इंचाची घडी दीड इंच कापड खाते आणि सोडली की दीड इंचच देते. घडी दुमडीच्या मागे झाकली जाते, बाहेरून एक बारीक टीप तेवढी दिसते. हे सगळं चुण्या घालण्याच्या आधी करायचं. चुण्या पाडून झाल्यावर टक घातली तर प्रत्येक चुणीपाशी जाडी येते, इस्त्री नीट बसत नाही आणि सोडताना चुण्या वाकड्या होतात. मागे कमरेच्या पट्ट्यात मी इलॅस्टिक घालतो. पोट वाढलं की ते आपोआप सैल होतं.

टकेची टीप पक्क्या दोऱ्याने मारायची नाही. ही चूक माझ्या हातून एका वर्षी झाली. सगळ्या शिलाईला वापरतो तोच पॉलिस्टरचा दोरा आणि तीच बारीक टीप मी टकेलाही लावली. दिवाळीनंतर आयांनी घरी ब्लेडने टक सोडायला घेतली, दोरा तुटेना आणि दोन स्कर्टांचं कापडच कापलं गेलं. ते दोन्ही मी माझ्या खर्चाने नवे करून दिले. तेव्हापासून टकेला साधा सुती दोरा, बारीक सुई आणि लांब टीप वापरतो. एक टोक सोडून ओढलं की ती सरळ निघते आणि कापडावर भोकं उरत नाहीत.

टक सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. ती जावी म्हणून पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवायची. बहुतेक रेघ जाते. पण वर्षभर दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद दिसतं, आणि तो पट्टा इस्त्रीने जात नाही. निव्वळ सुती कापडात तो चांगलाच उठून दिसतो, चांगल्या सूटिंगमध्ये जेमतेम कळतो. महाग कापड घ्यायचं आणखी एक कारण हे. पट्टा अजिबात दिसणार नाही असं मी आपल्याला सांगणार नाही.

मुलांच्या हाफ पँटला पायाच्या तळाशी दीड इंच जादा दुमड पुरते, टक लागत नाही, कारण हाफ पँट अर्धा-पाऊण इंच आखूड झाली तरी बिघडत नाही. पँट आखूड पडायच्या आधी आसनात आवळते. मूल मांडी घालून बसलं की मागची शिलाई ताणली जाते आणि नेमकी तिथेच उसवते. म्हणून मागच्या शिलाईला कमरेपाशी सव्वा इंच माया ठेवतो, खाली जाताना ती कमी करत नेतो, आणि आसनाला दुहेरी टीप मारतो. माया सोडायची म्हणजे आतली शिलाई उसवून बाहेर नवी मारायची. कंबर दोन इंचांनी मोठी होते आणि आसनही सैल होतं. हे काम आईने घरी करू नये, शिंप्यानेच करावं.

शर्टाला टकेची गरजच नाही. मुलं शर्ट पँटमध्ये खोचतात, म्हणून खालची लांबी सुरुवातीपासून दोन इंच जास्त ठेवली की झालं. दोन्ही बाजूंच्या शिलाईत पाऊण-पाऊण इंच माया राहते, 58 इंची पन्ह्यात तिला वेगळं कापड लागत नाही.

खांदा मात्र वाढवता येत नाही. काखेचा गोलही नाही. इथे माया ठेवायला जागाच नसते. म्हणून मी खांदा अर्धा इंच सैल धरतो. पहिले तीन महिने शर्ट थोडा ढगळ दिसेल, पालक म्हणतील की माप चुकलं. आपण त्यांना आधीच सांगून ठेवावं. आणि एखाद्या मुलाची उंची एकदम तीन-साडेतीन इंच वाढली तर माझी टक पुरणार नाही. तसं 44 मध्ये दोन-तीन मुलांचं होईल. त्यांचे कपडे पुढच्या वर्षी धाकट्याच्या अंगाला येतील असे धड राहतील, एवढं मी बघू शकतो.

पालकांच्या खिशाचं एवढंच सांगतो. जूनमध्ये जुना जोड आखूड झाला आणि नवा आला नाही की आई-बाप बाजारातून तयार जोड आणतात. आमच्याकडे तो 400 रुपयांच्या आसपास पडतो. दोन लेकरं असली तर 800. आणि हे नेमकं पेरणीच्या तोंडावर, जेव्हा बियाण्याला आणि खताला पैसे पुरत नाहीत. त्याच्यापुढे जोडामागचे 25 रुपये मांडून बघावेत.

काम कसं करायचं तेही लिहितो. मापं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ नयेत. तेव्हापासून शाळा उघडेपर्यंत दोन महिने जातात आणि मूल तेवढ्यात पाव इंचाहून जास्त वाढतं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या पोरांना एक दिवस बोलावलंत तर मी येऊन प्रत्येकाचं स्वतंत्र माप घेईन. बाहेरगावी गेलेल्यांचं माप शाळा उघडल्यावर. कापड आधी आणून ठेवलेलं असेल तर मी आणि माझा मदतनीस दिवसाला सहा जोड काढतो, म्हणजे 88 जोडांना पंधरा दिवस. प्रत्येक मुलाचा पहिला जोड आधी देऊ, दुसरा नंतर.

पैशाबाबत एक विनंती आहे. कापडाचं बिल समितीने थेट व्यापाऱ्याच्या खात्यात द्यावं, माझ्या हातात नको. त्याचा भाव, मीटर आणि पन्हा आपल्या दप्तरी राहील. शिलाईचे पैसे निम्मे पहिला जोड अंगावर घालून बघितल्यावर आणि निम्मे दुसरा दिल्यावर. टक आणि मायेच्या 12 रुपयांपैकी 6 मात्र राखून ठेवावेत. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी मशीन घेऊन शाळेत येईन, ज्यांना गरज असेल त्यांचे कपडे तिथेच सोडून देईन आणि ज्या आया येतील त्यांना स्कर्टची टक कशी सोडायची ते हातात देऊन दाखवीन. ते झाल्यावर उरलेले 6 द्यावेत. त्या दिवशी ज्याला गरज नसेल त्याचं काम पुढच्या जूनमध्ये करीन.

सोबत तीन वस्तू पाठवतो आहे. शर्टाच्या कापडाचा अर्धा मीटर, सूटिंगचा अर्धा मीटर आणि दुसरीच्या मापाचा एक तयार स्कर्ट, टक घातलेला. स्कर्टच्या टकेचं एक टोक मी मुद्दाम दोन इंच मोकळं ठेवलं आहे. बैठकीत ते धरून ओढावं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. कापड धुऊन, जाळून, तोलून बघायला चार दिवस लागतील. समितीची बैठक त्याच्या पुढे ठेवावी आणि तारीख मला कळवावी. मी येतो.

आपला नम्र,
गणवेश शिवणारा शिंपी
मालेगाव, जि. वाशिम